लोकरीची शाल, स्वेटर ऑनलाइन विकताना काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही

प्रश्न : मी कुल्लू आणि लुधियानाहून शाली, स्वेटर आणून ऑनलाइन विकते. पुरवठादार तोंडी ‘हंड्रेड परसेंट प्युअर वूल’ म्हणतो, बिलावर मात्र नुसते ‘वूलन शाल’ असते. मी दशांचा एक धागा जाळून पाहिला, केस जळल्यासारखा वास आला, म्हणून लिस्टिंगवर ‘शुद्ध लोकर’ लिहिले. आता दोघींनी ‘टोचते’ म्हणून शाल परत केली. एकीने धुतल्यावर मधला भाग आटला आणि काठ झालरीसारखा पसरला. लिस्टिंगमध्ये नेमके काय लिहू?

उत्तर :

‘शुद्ध लोकर’ हे शब्द आजच काढा. काठ झालरीसारखा पसरला, या एका गोष्टीवरूनच सांगता येते की त्या शालीत सगळा धागा लोकरीचा नाही. लोकर आटते, ॲक्रिलिक आटत नाही. सगळी शाल एकाच जातीच्या धाग्याची असती तर ती सगळीकडे साधारण सारखीच आटली असती. अंग आक्रसले आणि काठ होता तेवढाच राहिला, याचा अर्थ काठात मोठा भाग कृत्रिम धाग्याचा आहे. कुल्लू पद्धतीच्या शालींत हे नेहमी दिसते. अंग लोकरीचे असते आणि काठावरची रंगीत नक्षी ॲक्रिलिक धाग्याने भरलेली असते, कारण त्या धाग्यात भडक, पक्के रंग स्वस्तात मिळतात. यात गैर काही नाही. फक्त ते लिहायला हवे.

तुमची जाळून पाहायची चाचणी चुकीची नव्हती, पण तिने फार थोडे सांगितले. शालीच्या दशा म्हणजे ताण्याचे, उभ्या धाग्यांचे सुटे राहिलेले टोक. दशा जाळून कळते ते फक्त ताण्याबद्दल. बाणा, म्हणजे आडवा धागा, आणि काठाची नक्षी यांच्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. दुकानदार गिऱ्हाइकासमोर ऐटीत दशा जाळून दाखवतो तेव्हाही हेच घडत असते. दुसरी अडचण अशी की लोकर आणि कृत्रिम धागा एकत्र कातलेला असेल तरी जळताना केसांचा वास येतोच. वास लोकर आहे एवढे सांगतो, किती आहे ते सांगत नाही. म्हणून वासापेक्षा राख बघा. निव्वळ लोकर ज्योतीतून बाहेर काढली की विझायला लागते आणि मागे काळा, फुगीर, बोटांत चिरडला की भुकटी होणारा गोळा राहतो. ॲक्रिलिक भराभर पेटते, वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर नखाने फुटणार नाही असा कडक, वेडावाकडा मणी होतो. केसांचा वास आणि चिरडताना बोटाला लागणारे कडक कण असे दोन्ही एकत्र आले, तर धागा मिश्र आहे. व्हिस्कोस कागदासारखे जळते आणि राखाडी, मऊ राख ठेवते. रेशीम मात्र जळताना लोकरीसारखेच वागते, तेव्हा त्या दोघांत फरक करायला ही चाचणी उपयोगाची नाही.

प्रमाण कसे काढायचे

एक शाल बळी द्यावी लागेल. ‘टोचते’ म्हणून परत आलेल्यांपैकी एक घ्या, आटलेली नको, कारण तिचे अंग घट्ट झाल्याने तुकड्याचे वजन फसवते. सोन्याचांदीच्या कामाला वापरतात तसा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागेल. शालीच्या अंगातून 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा एक चौकोन कापा आणि काठातून तेवढाच दुसरा. दोन्ही तुकडे एकदा धुऊन वाळवा, म्हणजे कारखान्यात लावलेले फिनिश निघून जाईल. मग ते एक रात्र त्याच खोलीत उघडे ठेवा आणि सकाळी वजन करा. रात्रभर ठेवायचे कारण असे की लोकर हवेतला ओलावा धरते, नेहमीच्या हवेत कोरड्या वजनाच्या 15-16 टक्क्यांपर्यंत, आणि ॲक्रिलिक जेमतेम दोन टक्के. चाचणीआधीचे आणि नंतरचे वजन वेगवेगळ्या हवेत केले तर आकडे फसवतात.

आता किराणा दुकानात कपड्यांसाठी मिळते ते क्लोरीनवाले पातळ ब्लीच आणा. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट साधारण 4 टक्के लिहिलेले असावे आणि बाटली ताजी असावी, कारण जुने ब्लीच नुसते पडून राहिले तरी कमजोर होते. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात एका तुकड्याला दोनशे-अडीचशे मिलिलिटर ब्लीच, पाणी न मिसळता, ओता. रबरी हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचे ॲसिड एक थेंबही जाता कामा नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

लोकर प्रथिनाची बनलेली आहे आणि हायपोक्लोराइट ते प्रथिन फोडून विरघळवते. थोड्याच वेळात फेस येतो, द्रावण कोमट लागते, धागा बुळबुळीत होतो आणि मग नाहीसा होतो. ॲक्रिलिक, पॉलिस्टर, नायलॉन, सूत, व्हिस्कोस मागे उरतात. बारीक धाग्याला तासभर पुरतो. जाड, पीळदार धाग्याला दोन तास द्या आणि मध्ये एकदा ब्लीच बदला. उरलेला धागा बुळबुळीत लागतो आहे तोवर लोकर संपलेली नाही. मग जे उरले ते बारीक गाळणीत घेऊन भरपूर पाण्याने धुवा, वाळवा, पुन्हा एक रात्र खोलीत ठेवा आणि वजन करा.

तुमच्यासारख्या एका शालीचा हिशेब असा येतो असे धरू. शाल 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद. दोन्ही टोकांना 14 सेंटिमीटरचा काठ. अंगाचा तुकडा 2.00 ग्रॅम, त्यातले 0.40 ग्रॅम उरले. म्हणजे अंगात 20 टक्के कृत्रिम धागा. उरलेला भाग उजेडात धरून पाहिला तर उभे धागे पूर्ण गेलेले आणि फक्त आडव्या धाग्यांचे विरळ केस शिल्लक. अर्थात ताणा निव्वळ लोकरीचा, बाणा मिश्र. दशा जाळल्यावर निव्वळ लोकरीचा वास का आला, ते इथे दिसते. काठाचा तुकडा जड, 3.00 ग्रॅम, आणि त्यातले 1.65 ग्रॅम उरले, म्हणजे 55 टक्के कृत्रिम.

आता पूर्ण शाल. काठ सोडून अंग 172 सेंटिमीटर लांब, म्हणजे 10 बाय 10 चे 172 चौकोन, वजन 344 ग्रॅम. दोन्ही काठांचे मिळून 28 चौकोन, वजन 84 ग्रॅम. सगळी शाल 428 ग्रॅम. तीत कृत्रिम धागा अंगात सुमारे 69 आणि काठात 46, एकूण 115 ग्रॅम, म्हणजे 27 टक्के. ही शाल 73 टक्के लोकरीची आहे. वाईट शाल नाही. चांगली, उबदार, टिकाऊ शाल आहे, पण शुद्ध लोकरीची नाही.

घरच्या या चाचणीत चार-पाच टक्के इकडेतिकडे होतात, म्हणून तिचा उपयोग पुरवठादाराचे खोटे पकडायला करा, लिस्टिंगवर आकडा छापायला नको. छापायचा आकडा दोनच ठिकाणांहून यावा : पुरवठादाराने बिलावर किंवा लेटरहेडवर लेखी दिलेले प्रमाण, किंवा प्रयोगशाळेचा अहवाल. महाराष्ट्रात यासाठी फार लांब जावे लागत नाही. ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन आहे, मुंबईत टेक्सटाइल्स कमिटी आणि बॉम्बे टेक्सटाइल रिसर्च असोसिएशन (बीटीआरए) आहे. तिथे दोन गोष्टी मागा : तंतूंचे टक्केवारीतले प्रमाण आणि लोकरीच्या तंतूची सरासरी जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. दुसरा आकडा बहुतेक विक्रेते मागतच नाहीत, आणि टोचण्याचे सगळे उत्तर त्यातच असते.

टोचणे कुठून येते

‘लोकरीची ॲलर्जी आहे’ असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते. कापडाच्या पृष्ठभागावर तंतूंची टोके उभी असतात. बारीक तंतूचे टोक त्वचेला टेकले की वाकते. जाड तंतूचे टोक वाकत नाही, ते त्वचेत रुतते आणि तिथल्या वेदनेच्या नसांना चाळवते. सीमा साधारण 30 मायक्रॉनची आहे. कापडातल्या तंतूंपैकी 5 टक्क्यांहून अधिक तंतू 30 मायक्रॉनपेक्षा जाड असले की बहुतेकांना टोचायला लागते. म्हणून नुसती सरासरी जाडी पुरत नाही. सरासरी 22 मायक्रॉन असलेल्या लोकरीतही जाड तंतूंची शेपटी असू शकते. प्रयोगशाळेला ‘30 मायक्रॉनवरचे तंतू किती टक्के’ हेही विचारा.

यातून एक गोष्ट निघते जी लिस्टिंग लिहिताना फार लोक उलटी लिहितात. शुद्ध लोकर म्हणजे टोचरी आणि मिश्र म्हणजे मऊ, असे काही नसते. 18-19 मायक्रॉनच्या मेरिनोचा शंभर टक्के लोकरीचा स्वेटर अंगाला लागून घालता येतो. उलट 80 टक्के मऊ ॲक्रिलिकमध्ये 20 टक्के जाडीभरडी लोकर मिसळली असेल तर तो स्वेटर मानेला टोचेल. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ असते, म्हणून धनगरी घोंगडी टोचते. पण घोंगडी अंथरायला, पावसात डोक्यावरून घ्यायला केलेली आहे आणि तिथे तो जाडपणाच कामाला येतो. घोंगडी विकणाऱ्याने ‘मऊ’ लिहिले तर तो गिऱ्हाइकालाही फसवतो आणि घोंगडीचीही नाचक्की करतो.

दुकानात हाताला मऊ लागलेली शाल घरी जाऊन का टोचते, याचे एक कारण फिनिशमध्ये आहे. माल गुळगुळीत लागावा म्हणून कारखान्यात सिलिकॉनचे सॉफ्टनर देतात. ते दोन-तीन धुण्यांत कमी होते आणि मग खरा धागा हाताला लागतो. म्हणून टोचण्याची परीक्षा नव्या कोऱ्या मालावर करू नका. एक नग दोनदा धुऊन वाळवा. तळहाताने नाही, तळहाताची कातडी जाड असते. मान, हनुवटीखालचा भाग आणि कोपराच्या आतली बाजू यांवर दहा मिनिटे ठेवा. ती त्वचा किंचित घामेजलेली असताना पुन्हा एकदा पाहा, कारण ओलसर त्वचेवर तोच तंतू जास्त टोचतो आणि मुंबई-कोकणातले गिऱ्हाईक शाल तशाच हवेत पांघरणार असते. घरातली तीन-चार वेगवेगळी माणसे घ्या, एक तरी नाजूक त्वचेचे असू द्या.

मग लिहायचे ते असे की माणसाला निर्णय घेता येईल. ‘अजिबात टोचत नाही’ हे कोणत्याही लोकरीबद्दल लिहू नका. ‘सुपर सॉफ्ट’ला काही अर्थ नाही. ‘सुती कुडत्यावरून टोचत नाही, उघड्या मानेला काही जणांना टोचेल’ या एका ओळीने तुमची निम्मी परत येणारी पार्सले थांबतील. तान्ह्या बाळासाठी म्हणून विकत असाल तर मायक्रॉनचा अहवाल हातात असल्याशिवाय ‘बाळाच्या त्वचेला योग्य’ लिहू नका.

धुण्याची सूचना

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले. गरम पाणी, साबणाचा क्षार आणि चोळणे हे तिन्ही एकत्र आले की तंतू एका दिशेने सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आक्रसते, जाड होते, वीण दिसेनाशी होते. असे आटलेले कापड परत मोकळे होत नाही, ओले करून ताणले तरी नाही. दुसरे आटणे साधे असते. विणताना ताणलेला धागा पहिल्या पाण्यात सैल होतो आणि कापड दोन-तीन टक्के कमी होते, वीण मात्र स्वच्छ दिसत राहते. ते ओले असताना हलक्या हाताने ओढून सपाट वाळवले की बरेचसे परत येते. ग्राहकाने तक्रार केली तर आधी जवळून काढलेला फोटो मागवा. वीण दिसत नसेल तर कपडा मशीनमध्ये किंवा गरम पाण्यात गेला आहे.

पण तसे झाले म्हणून दोष तिच्यावर ढकलण्याआधी तुमची सूचना काय होती ते बघा. ‘जेंटल वॉश’ एवढेच लिहिले असेल तर तिने मशीनचे ‘जेंटल’ बटण दाबले, यात तिचे काय चुकले? ‘ड्राय क्लीन ओन्ली’ हीही पुष्कळदा विक्रेत्याने स्वतःची कातडी वाचवायला लिहिलेली ओळ असते. जी शाल हाताने धुता येते तिच्यावर ते लिहिणे म्हणजे गिऱ्हाइकाला दर वर्षी विनाकारण खर्चात टाकणे.

सूचना आकड्यांत द्या. मोठ्या घमेल्यात 30 अंशांपर्यंतचे पाणी, म्हणजे हाताला गार किंवा जेमतेम कोमट लागेल असे. लोकरीसाठीचा, क्षार नसलेला पातळ साबण बाटलीवर लिहिलेल्या मापाने. नेहमीची धुण्याची पावडर नको. ती बरीच क्षारयुक्त असते आणि काही पावडरींत प्रथिनाचे डाग खाणारी एन्झाइम असतात. लोकर स्वतःच प्रथिन आहे. दहा मिनिटे भिजवायचे, दाबून दाबून धुवायचे, चोळायचे नाही, ब्रश मारायचा नाही. खळबळायचे पाणीही पहिल्या पाण्याइतक्याच तापमानाचे घ्यायचे. पिळायचे नाही. जाड टॉवेलात गुंडाळून दाबायचे आणि सावलीत सपाट पसरून वाळवायचे. दोरीवर टाकले तर ओल्या लोकरीचे वजन तिला खाली ओढते आणि स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो. क्लोरीनवाले ब्लीच चुकूनही नको. वर चाचणीत त्याने लोकरीचे काय केले ते पाहिलेच.

मिश्र कापडाला जो धागा जास्त नाजूक त्याचा नियम लागतो. धुताना लोकरीचा, इस्त्री करताना ॲक्रिलिकचा. ॲक्रिलिकवर गरम वाफेची इस्त्री ठेवली की ते लोळागोळा होते, ताणले जाते आणि चकाकते, आणि ते पुन्हा सुधारत नाही. म्हणून तुमच्या शालीवर ‘सगळ्यात कमी आचेची इस्त्री, वर सुती कापड ठेवून, काठावर वाफ नको’ असे लिहा.

‘मशीन वॉशेबल’ फक्त तेव्हा लिहा जेव्हा धाग्यावर खवले बसवून टाकणारी सुपरवॉश प्रक्रिया झाल्याचे पुरवठादार लेखी देतो आणि तुम्ही स्वतः एक नग मशीनच्या ‘वूल’ चक्रात धुऊन मोजला आहे. मोजायचे कसे : धुण्याआधी लांबी आणि रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा, तीन धुण्यांनंतर पुन्हा त्याच ठिकाणी. 200 सेंटिमीटरचे 194 झाले तर 3 टक्के आटले. ते तसेच लिस्टिंगवर लिहा. त्याच वेळी एक ओले पांढरे सुती फडके गडद रंगाच्या भागावर दहा वेळा दाबून घासा. फडक्यावर रंग आला तर ‘पहिली दोन धुणी वेगळी’ ही ओळ हवीच.

शब्द, जे गिऱ्हाईक वेगळे समजते

‘वूलन’ हा शब्द बाजारात जाड, उबदार कपड्याला सरसकट लावतात, त्यात लोकर शून्य असली तरी. ‘वूल ब्लेंड’ टक्क्यांशिवाय लिहू नका, त्यात 5 टक्के लोकरही चालून जाते. ‘कॅशमिलॉन’ ऐकायला कॅशमीरसारखे आहे, पण ते ॲक्रिलिक आहे. आपल्याकडे विणकाम करणाऱ्या बायकांना हे ठाऊक असते, ऑनलाइन घेणाऱ्या मुलीला नसते. पुनर्वापराची लोकर, जुने कपडे पिंजून पुन्हा कातलेली, पानिपतच्या ब्लँकेट-शालींत भरपूर असते. ती लोकरच आहे, पण तिचे तंतू तुटून आखूड झालेले असतात, ती लवकर झिजते आणि तिच्यात इतर धागे मिसळलेले असतात. तिथे ‘पुनर्वापराची लोकर’ असे लिहा. वूलमार्कचे चिन्ह परवाना असलेल्यानेच वापरायचे असते. शंभर टक्के नव्या लोकरीचे वूलमार्क वेगळे, 50 टक्क्यांपासून पुढचे वूलमार्क ब्लेंड वेगळे आणि 30 ते 49.9 टक्क्यांचे वूल ब्लेंड वेगळे. पुरवठादाराच्या टॅगवर यातले कोणते आहे ते नीट वाचा आणि तुमच्या फोटोत तेच दाखवा.

‘पश्मिना’ शब्दाबद्दल विशेष काळजी घ्या. पश्मिना ही चांगथंगी शेळीची अंगाजवळची लव आहे, साधारण 12 ते 16 मायक्रॉन, मेंढीची लोकर नव्हे. काश्मीर पश्मिन्याला भौगोलिक मानांकन आहे आणि पश्मिन्याची ओळख व लेबल यांसाठी 2019 मध्ये भारतीय मानकही आले. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ‘पश्मिना स्टोल’मध्ये बहुधा व्हिस्कोस किंवा ॲक्रिलिक असते, आणि ‘सेमी पश्मिना’ला ठरलेले प्रमाण नाही. इथे ब्लीचची चाचणी कामाची नाही, कारण मेंढीची लोकर, पश्मिना आणि रेशीम तिन्ही तिच्यात विरघळतात. फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. अहवाल नसेल तर हा शब्द शीर्षकात नको, ‘पश्मिना फील’ही नको. आणि कोणी ‘शाहतूश’ म्हणून काही दाखवले तर हातही लावू नका. तो चिरू हरणाला मारून मिळवतात आणि त्याची विक्री गुन्हा आहे.

कायद्याच्या बाजूने एवढे लक्षात ठेवा की ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे वस्तू जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘सेलवरचा माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ तिथे तुम्हाला वाचवणार नाही.

लिस्टिंगवर प्रत्यक्ष मजकूर

वर मोजलेल्या शालीसाठी, प्रयोगशाळेनेही तेच आकडे दिले असे धरून, मजकूर असा असावा :

*कुल्लू नक्षीची लोकर-ॲक्रिलिक शाल, 73 टक्के लोकर.*
*अंग : 80 टक्के लोकर, 20 टक्के ॲक्रिलिक. दोन्ही टोकांचा काठ : 45 टक्के लोकर, 55 टक्के ॲक्रिलिक. दशा लोकरीच्या.*
*आकार 200 बाय 100 सेंटिमीटर (दशा सोडून), वजन सुमारे 430 ग्रॅम.*
*स्पर्श : मध्यम. कुडता किंवा ब्लाउजवरून टोचत नाही. उघड्या मानेला आणि दंडाला काही जणांना टोचेल. लोकर सोसत नसेल तर ही शाल घेऊ नका.*
*धुणे : हाताने, 30 अंशांपर्यंतच्या पाण्यात, लोकरीच्या पातळ साबणाने. मशीनमध्ये नको, पिळू नका. सावलीत सपाट वाळवा. इस्त्री सगळ्यात कमी आचेवर, वर कापड ठेवून. मशीनमध्ये धुतल्यास अंग आटेल आणि काठ पसरेल.*
*हाताने तीन वेळा धुतल्यावर लांबीत आट : 2 टक्के.*
*वापराने काठावर बारीक गोळे येतात, ते कापून काढता येतात.*

गोळ्यांची ओळ मुद्दाम आहे. निव्वळ लोकरीवर आलेले गोळे काही दिवसांत झडतात. ॲक्रिलिक मिसळलेले असले की मजबूत तंतू त्यांना धरून ठेवतात आणि ते तसेच लोंबत राहतात.

शीर्षक बारकाईने बघा, कारण खोटेपणा बहुतेक तिथेच शिरतो. वर ‘प्युअर वूल शाल’ आणि खाली सातव्या ओळीत ‘20% Acrylic’ असे लिहिणे म्हणजे लिहून फसवणे आहे. मोबाइलवर गिऱ्हाइकाला शीर्षक आणि फोटोच दिसतो. काही ठिकाणी `Material` च्या खान्यात एकच पर्याय निवडावा लागतो. तिथे `Wool Blend` असेल तर तो घ्या. नसेल आणि `Wool` निवडणे भागच असेल, तर शीर्षकात टक्का लिहून तो खाना दुरुस्त करा. फोटोंमध्ये एक फोटो लेबलचा आणि एक काठ व अंग जिथे जुळतात त्या जागेचा, इतका जवळचा की धागा दिसेल. सपाट पांढऱ्या उजेडात काढलेल्या लांबच्या फोटोत प्रत्येक शाल कॅशमीरसारखी दिसते.

परत आलेल्या दोन्ही शालींचे पैसे द्या. तिसऱ्या ताईंच्या शालीचेही द्या, कारण ‘शुद्ध लोकर’ तुम्ही लिहिले होते. जुन्या ऑर्डरींमध्ये हीच शाल ज्यांना गेली आहे त्यांना नवे प्रमाण आणि धुण्याची सूचना कळवा. बहुतेकजणी शाल ठेवून घेतील.

पुरवठादाराला पुढच्या ऑर्डरीआधी एक ओळ लिहून मागा : ताणा, बाणा आणि काठ यांचे वेगवेगळे प्रमाण, बिलावर, लॉट नंबरसह. तो द्यायला कुरकुरला तर त्याच्या ‘हंड्रेड परसेंट’ची किंमत तुम्हाला तिथेच कळेल. प्रत्येक लॉटमधून एक वीतभर तुकडा किंवा तिन्ही धाग्यांचे नमुने लॉट नंबर टाकून पाकिटात ठेवा. काठाचा धागा हंगामाच्या मध्येच बदलतो, रंग तोच राहतो आणि बदलल्याचे कोणी कळवत नाही. नवा लॉट आला की जुन्या लिस्टिंगवर नुसता साठा वाढवू नका. आधी काठाचा आणि अंगाचा धागा जाळून राख बघा, शंका आली तर ब्लीचमध्ये टाका, आणि मगच आकडे तसेच ठेवायचे की बदलायचे ते ठरवा.